गो: मोजणी अर्ध्या गुणावर आली!

मागच्या वेळी लिहिलं होतं, की अंतिम टप्प्याआधीचा माझा अंदाज पाच-सहा गुणांनी हमखास घसरतो. रविवारी फोंड्याच्या दोस्ताबरोबर (तो पांढरा, मी काळा) अंदाज निघाला काळा एकने पुढे, आणि शेवटी डाव सुटला दीडवर.

घोळ सगळा कुंपणाच्या रेषांचा होता. आकडे देतो, पडताळून बघा. माझी उजवी बाजू ३२. डाव्या कोपऱ्यात १४ रिकामी घरं आणि पांढऱ्याच्या ४ मेलेल्या गोट्या. मेलेली गोटी दोनदा मोजायची, एकदा कैदी म्हणून, एकदा तिच्याखालचं घर म्हणून, म्हणजे कोपरा २२. झाकणात कैदी ३. एकूण ५७. पांढऱ्याचं वर २९, डावीकडे १४, कैदी ३, कोमी साडेसहा: ५२.५. म्हणजे मी साडेचार पुढे! पूर्वी इथेच थांबायचो.

आता रेषा. उजवीकडे पांढरा रांगत आत येतो, मला उत्तर द्यावंच लागतं, ३ घरं जातात. ही त्याची सेंते, म्हणून ती झालीच असं धरून ५७ मधून ३ वजा. मात्र मी उत्तर न दिल्यास होणारं नुकसान पटावरच्या सर्वांत मोठ्या गोतेपेक्षा कमी असेल, तर ती सेंते नव्हे. हे तपासल्याशिवाय वजा करू नका. मधोमध एक गोते: मी खेळलो तर मला ६, तो खेळला तर शून्य. त्याचे निम्मे, ३, माझ्यात. वरची दुसरी गोते ४ ची, त्याच्या बाजूची, तिचे २ त्याच्यात. आता मी ५७, तो ५४.५, मी अडीच पुढे.

उरली पाळी. खेळायची पाळी त्याची होती. सहाच्या गोतेतली एक चाल सरासरीपेक्षा ३ देते, आणि पाळीची किंमत ढोबळमानाने त्याच्या निम्मी, दीड. अडीच वजा दीड, एक. प्रत्यक्षात त्याने सेंते करून सहाची गोते घेतली, मी चारची, उरले दामे.

कैद्यांचं मात्र सांभाळा. ऑनलाइन मागवलेल्या सेटला झाकणंच नव्हती, असल्या सेटवर पैसे घालू नका. मी नारळाच्या करवंट्या वापरतो, उथळ आणि गोट्या नीट दिसतात. फणसाचा पट पावसात किंचित वाकलाय, पण तो विषय पुढे.

खरं तर पुढच्या डावात ही बेरीज शंभराव्या चालीला करणार होतो. लिहिता लिहिता वाटतंय, दोघांचे आकडे वेगळे न धरता समोरासमोरचे भाग एकमेकांतून वजा करत गेलो तर घड्याळ चालू असतानाही जमेल. आधी ९x९ वर करून बघतो. सेकी असलेला डाव कुणाकडे असेल तर पाठवा, तिथे घरं मोजायची नसतात आणि माझं बोट तिथेच जातं.