पाऊस झाला म्हणे

"काही भाषांमध्ये म्हणे, बातमी कुठून कळली तेही क्रियापदातच सांगावं लागतं. मग आपलं 'म्हणे' तेच की! मराठीत हे व्याकरण आहे का नुसती बोलायची सवय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. व्याकरण आहे, पण सक्तीचं नाही, आणि सगळी मेख त्या सक्तीत आहे. तुमच्या पहिल्याच वाक्यात एक 'म्हणे' येऊन गेलाय, तो काही तुम्ही ठरवून घातला नसणार. तो काढला तर ते वाक्य तुमच्या स्वतःच्या अभ्यासातलं वाटायला लागेल.

इंग्रजीत या प्रकाराला एव्हिडेन्शियलिटी म्हणतात. मी इथे 'साक्षखूण' म्हणतो, म्हणजे बोलणाऱ्याला माहिती कशी मिळाली याची वाक्यातली खूण. ती ओळखायची तर व्याख्येपेक्षा प्रसंग बरा पडतो. जूनचा पहिला आठवडा, गाव लातूर. रात्री तुम्ही ओसरीत बसलाय, पत्र्यावर पाऊस वाजतोय, अंगणातून पाणी वाहतंय. सकाळी शेजाऱ्याला सांगता, "रात्री पाऊस झाला." आता दुसरा प्रसंग: तुम्ही गाढ झोपलात, सकाळी दार उघडलं तर अंगण ओलं, बाहेर राहिलेल्या बादलीत चार बोटं पाणी. मग तोंडातून येतं, "रात्री पाऊस झाला वाटतं", किंवा "झालेला दिसतोय", "झाला असंल". तिसरा: लातूर कोरडं आहे, पण औशाहून मेव्हण्याचा फोन आला. शेजाऱ्याला तुम्ही सांगता, "औशाला पाऊस झाला म्हणे."

आता वाक्यांची अदलाबदल करून बघा. बादलीतलं पाणी बघून "पाऊस झाला म्हणे" म्हटलं, तर समोरचा लगेच विचारेल, "कोण म्हणलं?" ओसरीत बसून डोळ्यांनी पाहिलेल्या पावसाला 'म्हणे' लावलं, तर एक तर थट्टा, नाहीतर काहीतरी लपवालपवी. म्हणजे 'म्हणे'ची हद्द पक्की आहे: फक्त ऐकलेलं. खुणेवरून केलेल्या अंदाजाला तो चालत नाही, तिथे 'वाटतं', 'असावा', 'दिसतोय' यांचं राज्य.

पण मेव्हण्याच्या फोनवर विसंबून तुम्ही नुसतं "औशाला पाऊस झाला" म्हणालात, तर? काहीच बिघडत नाही. वाक्य अशुद्ध होत नाही. फार तर उद्या कळलं की नुसता शिडकावा होता, तर लोक तुमच्यावर हसतील. तुर्कीत अशी सूट नाही. तिथे 'तो आला' याची साध्या भूतकाळात दोन रूपं आहेत, गेल्दी आणि गेल्मिश, आणि बोलणाऱ्याला त्यातलं एक निवडावंच लागतं. येताना पाहिला किंवा ठाम माहीत आहे, तर गेल्दी. कुणी सांगितलं, किंवा दारातल्या चपला बघून कळलं, तर गेल्मिश. गंमत अशी की आपला दुसरा आणि तिसरा प्रसंग तुर्की एकाच रूपात कोंबते, आणि आपण ते वेगळे ठेवतो. तेवढ्यापुरती मराठी जास्त काटेकोर आहे, फक्त तिने ते बंधनकारक केलेलं नाही. कोलंबिया-ब्राझीलच्या सीमेवरच्या तुयुका भाषेत तर पाच घरं आहेत: डोळ्यांनी पाहिलं, दुसऱ्या इंद्रियाने जाणवलं, खुणेवरून कळलं, कुणाकडून ऐकलं, आणि असं असणारच म्हणून धरलं. क्रियापदाचा शेवट त्याप्रमाणे बदलतो.

आता 'म्हणे' हे 'म्हणणे' या क्रियापदाचंच एक रूप नाही कशावरून, ही शंका रास्त आहे. मूळ तेच आहे. पण मराठीत सध्या दोन 'म्हणे' आहेत, आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. 'तुका म्हणे' यातला 'म्हणे' पुरतं क्रियापद आहे. त्याला कर्ता आहे, तो तुका. कर्ता अनेकवचनी केला की रूप बदलतं: 'संत म्हणती'. जुन्या आठवणी सांगताना "आजी म्हणे, उन्हातून आल्यावर लगेच पाणी पिऊ नको" हाही क्रियापदच, अर्थ 'म्हणायची'. पण "संत म्हणे पंढरीला निघाले" यात संत कितीही असोत, 'म्हणे' तसाच राहतो, कारण म्हणणारे संत नाहीतच. म्हणणारा कोण ते वाक्यात कुठेच नाही. "तुका म्हणे गावाला गेला" हे वाक्य कागदावर दोन्ही बाजूंनी लागतं. बोलताना मात्र फसगत होत नाही, कारण क्रियापद असेल तर 'म्हणे'नंतर श्वास थांबतो, आणि साक्षखूण असेल तर 'तुका म्हणे' एका दमात जाऊन जोर 'गावाला'वर पडतो.

अजून एक कसोटी नकाराची. "पाऊस झाला नाही म्हणे" यात नकार पावसाला लागला, सांगण्याला नाही. 'कुणी तसं म्हणत नाही' हा अर्थ 'म्हणे'तून काढताच येत नाही. त्यासाठी 'म्हणत नाहीत' असं खरं क्रियापद आणावं लागतं. तसंच समोरचा "खोटं आहे" म्हणाला, तर तो पावसाची बातमी खोटी म्हणतो, तुम्ही ती ऐकली हे नाकारत नाही. नकार आणि आक्षेप दोन्ही खुणेला चुकवून आत जातात. नुसत्या बोलायच्या सवयीत इतकी शिस्त सापडत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती 'म्हणे' म्हणजे शंका, असं समजण्यात. शंका त्याच्या पोटात नाही. "पाऊस झाला म्हणे, चला, पेरणीची तयारी करू" हे वाक्य बिनधास्त चालतं आणि त्यात अविश्वासाचा लवलेश नाही. शंका येते ती जागेमुळे आणि सुरामुळे. वाक्याच्या शेवटी किंवा मध्ये बसलेला 'म्हणे' निवांत असतो. त्याला उचलून सुरुवातीला ठेवा: "म्हणे पाऊस झाला!" लगेच कुत्सित. "म्हणे शेतकऱ्यांचा कैवारी!" हा तर सरळ टोमणा. पेपरवाल्यांनी म्हणूनच लिहिताना हा शब्द टाळून 'असे समजते' आणि 'सूत्रांनुसार' अशी अवजड भांडी वापरात ठेवली असावीत. काम तेच, फक्त टोमण्याचा धोका नाही.

प्रश्नात तो आणखी वेगळा वागतो. "तुम्ही ट्रॅक्टर घेतला म्हणे?" यात ऐकलंय कुणी? विचारणाऱ्याने. उत्तर देणाऱ्याने तर ट्रॅक्टर स्वतः घेतलाय. तुर्कीत गेल्मिशचा प्रश्न केला की खूण बहुधा उत्तर देणाऱ्याकडे झुकते: तुला काय कळलंय, तो आला का? आपली खूण प्रश्नातही बोलणाऱ्याचा हात सोडत नाही. तुलना करणारे नेमके इथे घसरतात, कारण भाषांतर करताना दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात.

मराठवाड्यात याला शेजारही चांगला मिळालाय. देगलूर-बिलोलीकडे कानावर पडणाऱ्या तेलुगूत 'पाऊस पडला म्हणे' याला 'वर्षम् पडिंदंट'. शेवटचा 'अंट' हा 'म्हणणे' या अर्थाच्या धातूतून आलेला. उमरगा-निलंग्याकडच्या कन्नडमध्ये 'मळे बंतंते' (मळे म्हणजे पाऊस, आपले बागायती मळे नव्हेत), त्यातला 'अंते' तसाच. दखनीत 'बारिश हुई कते', आणि 'कते' म्हणजे 'कहते' झिजून राहिलेला. चार भाषा, शेवटी तीच जागा, मूळ तोच 'म्हणणे'. यावरून कुणी कुणाचं उचललं हे मात्र लगेच सिद्ध होत नाही, कारण 'म्हणणे'पासून ऐकीव खूण घडणं जगभर आढळतं. फरकही आहे: 'अंट' आणि 'अंते' क्रियापदाला चिकटून बसतात, आपला 'म्हणे' सुटा फिरतो, "पाऊस म्हणे औशाला झाला" असंही होतं.

घरातल्या जुन्या पुराव्याकडे मात्र लोकांचं लक्ष जात नाही. पाणिनीचं सूत्र आहे, 'परोक्षे लिट्' (३.२.११५): आजची नसलेली आणि बोलणाऱ्याच्या डोळ्याआड घडलेली भूतकाळची गोष्ट सांगायला लिट् हे रूप. ही थेट साक्षखूण झाली. मग अडचण आली की 'मी'चं काय? स्वतः केलेली गोष्ट स्वतःच्या डोळ्याआड कशी? त्यावर वैयाकरणांनी दिलेलं उदाहरण आहे, 'सुप्तोऽहं किल विललाप': झोपेत मी म्हणे बडबडलो. 'किल' म्हणजे जवळजवळ आपला 'म्हणे'च. तुर्की माणूस डुलकी लागून जागा झाला की म्हणतो 'उयुमुशुम', झोपलो होतो वाटतं, त्याच मिशने. आणि आपण "मी म्हणे घोरतो" म्हणतो. बेशुद्धी, झोप, नशा, अगदी लहानपण, एवढ्या जागा सोडल्या तर 'मी' आणि 'म्हणे' नीट नांदत नाहीत. "मी काल म्हणे लातूरला होतो" याचा अर्थ एकच: माझ्यावर कुणीतरी आळ घेतलाय.

लिट्‌ला एक अपवादही नोंदलेला आहे. गोष्ट डोळ्याआड घडली, पण लोकांत प्रसिद्ध आहे आणि बोलणाऱ्याला बघता आली असती, तर लिट् नको, लङ् हे साधं भूतकाळी रूप चालेल. पतंजलीचं उदाहरण 'अरुणद् यवनः साकेतम्', यवनाने म्हणजे ग्रीकाने साकेताला म्हणजे अयोध्येला वेढा दिला. हा अपवाद आजही मराठवाड्यात ऐकायला मिळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्या रात्री पुण्यात असलेला लातूरचा माणूस "भूकंप झाला म्हणे" असं म्हणत नाही. पतंजलीच्या अटीच्या पुढे जाऊन, तेव्हा जन्मलाही नव्हता तो पोरगासुद्धा म्हणत नाही. म्हणाला, तर किल्लारीचा माणूस चमकून बघेल. पण तोच पोरगा पुढे सांगतो, "आमच्या आजीला म्हणे दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर काढलं." भूकंप सगळ्यांचा, तिथे खूण गळते. आजीची गोष्ट घरात ऐकलेली, तिथे ती परत येते, आणि एकाच माणसाच्या लागोपाठच्या दोन वाक्यांत हे न अडखळता होतं.