आमची वाटचाल : आठाचा तीन झाला त्याची गोष्ट

शाहूपुरीतल्या छोट्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती पार्सलं गोळा करण्यापासून. चपलांच्या आणि गुळाच्या दुकानांतून माल उचलायचा, स्पीड पोस्टनं किंवा खासगी कुरिअरनं बुक करायचा आणि रात्री बायकोनं लेबलं बघून वहीत नोंद करायची. काम वाढलं, पोरं लेबलांचे फोटो मोबाईलवर टाकू लागली, म्हणून मी फोटोतला मजकूर वाचणारा प्रोग्राम बसवला. आठवडाभर झक्कास चाललं.

मग एका दुकानदार काकांचा फोन: "अरे, गिऱ्हाईक म्हणतंय पार्सल मिळालं नाही, आणि तुझा नंबर टाकला की भलत्याच गावात पोचलं म्हणून दाखवतंय!" लेबल काढून बघितलं. खरा नंबर EM473180264IN होता. चिकटपट्टीवर ट्यूबलाईट चमकली होती आणि प्रोग्रामनं 8 ला 3 वाचलं होतं.

तेव्हा कळलं की पोस्टाच्या या नंबरातला नववा अंक तपासणीचाच असतो. आधीच्या आठ अंकांना क्रमानं 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 नं गुणून बेरीज करायची:

```
4×8 + 7×6 + 3×4 + 1×2 + 8×3 + 0×5 + 2×9 + 6×7 = 172
```

172 ला 11 नं भागलं की बाकी 7 उरते. 11 मधून 7 गेले 4, आणि नववा अंकही 4 आहे. (उत्तर 10 आलं तर 0 धरायचा, 11 आलं तर 5.) चुकीच्या वाचनात बेरीज 157 येते, बाकी 3, म्हणजे नववा अंक 8 हवा होता. चूक जागीच सापडली असती! एखादी चूक यातूनही निसटते, पण क्वचित.

खासगी कुरिअरचे नंबर या हिशोबात बसत नाहीत. म्हणून आता आधी बारकोडच वाचतो. तो चुरगळलेला असेल तरच अक्षरांकडे वळतो.

पत्त्यांनीही छळलं. पाठवणारा डावीकडे, घेणारा उजवीकडे असं लेबल असलं की प्रोग्राम आडव्या ओळी सलग वाचायचा आणि कोल्हापूरच्या दुकानाला नागपूरचा पिनकोड चिकटायचा. आता दोन्ही चौकोन आधी वेगळे कापतो. पाठवणारे तर आमचेच दुकानदार, त्यांची यादी आहेच. तिच्यात न बसणारा पत्ता घेणाऱ्याचा.

वजनाचं दुखणं वेगळं. चपलांचा खोका 32×20×12 सेंटिमीटर, काट्यावर 800 ग्रॅम. पण खासगी कुरिअर लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला बहुधा 5000 नं भागतात, म्हणजे 1.536 किलो. लेबलावर दोन्ही आकडे असले की प्रोग्राम पहिला दिसेल तो उचलायचा. आता दोन वेगळे रकाने केलेत. काट्याचा आकडा आमच्या नोंदीशी जुळला नाही, तर ते लेबल लाल होऊन बायकोकडे जातं. ती अजूनही डोळ्यांनीच वाचते.