समईचं तेल आणि पैठणीच्या निऱ्या

साड्यांचं ड्रायक्लीनिंग आणि पॉलिश करणाऱ्या आमच्या दुकानात लग्नसराईत फोन सतत वाजत असतो. त्या दिवशीचा फोन थेट मंगल कार्यालयातून होता. गौरीहराशेजारची समई कलंडून वधूच्या आईच्या पैठणीवर, नेमकं निऱ्यांवर, गोडेतेल सांडलं होतं. मोरपिशी रंगाची जुनी पैठणी, तीही तिच्या आईची. फोनवर वधूची काकू होती. "ताई, इथे इस्त्रीवाला आहे. खाली-वर पेपर ठेवून गरम इस्त्री फिरवू का? तेल ओढून घेतं म्हणतात."

मी म्हटलं, "काकू, इस्त्री नको, पाणी नको, आणि काही चोळू नका. आधी वहिनींना दुसरी साडी नेसवा आणि ही सोडून पलंगावर पसरा."

साडी सोडायची घाई अशासाठी, की निऱ्या म्हणजे एकावर एक पडलेले थर. वरच्या निरीवरचं तेल खालच्या निरीला लागतं, तिथून तिसरीला, आणि साडी उलगडल्यावर एकाच डागाचे ठसे वीतभर अंतरावर ओळीने उमटलेले दिसतात. जितका वेळ निऱ्या दाबलेल्या राहतील, तितके ठसे वाढतात.

साडी पसरल्यावर डागाच्या खाली जुन्या पांढऱ्या सुती धोतराची घडी घालायला सांगितली. वर दिसणारं तेल टिश्यू पेपरने नुसतं टिपायचं, म्हणजे कागद ठेवायचा आणि उचलायचा. ओल्या किंवा तेलकट रेशमावर घासलं की वरचे तंतू उसवून तिथे पांढुरकी झळ दिसू लागते, आणि गडद रंगावर तर ती लगेच डोळ्यात भरते. तेल निघतं, पण ही झळ कुठल्याही दुकानात जात नाही.

मग पावडर. काकूंनी बेसन आणू का म्हणून विचारलं. बेसन नको, कारण ते रवाळ असतं, पिवळसर असतं आणि डाळीचा स्वतःचा स्निग्धांश त्यात असतोच. मीठ आणि रांगोळी तर मुळीच नको. त्यांचे कण टोकदार असतात, त्यातून मीठ ओल धरतं आणि जरी काळवंडते. कार्यालयाच्या स्वयंपाकघरात कॉर्नफ्लोअर मिळालं असतं, पण वधूचा मेकअप करणाऱ्या मुलीकडे साधी पांढरी टाल्कम पावडर होती. तीच घ्यायला सांगितली. टाल्क पाण्यापेक्षा तेलाला जवळ करतं, आणि त्यात पिठूळपणा नसल्यामुळे मागे राहिलेल्या कणांना कपाटात कसर लागायची भीती नसते.

डाग पूर्ण झाकून त्याच्या कडेबाहेर बोटभर जाईल असा दोन-तीन मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा. दाबायचा नाही, नुसता भुरभुरायचा. रेशमाच्या एका धाग्यात असंख्य बारीक तंतू शेजारी शेजारी असतात आणि तेल त्यांच्यामधल्या फटींत चढून बसतं. पावडरीच्या कणांमधल्या फटी त्याहून बारीक, म्हणून तेल तिकडे सरकतं. पण पहिला थर लवकर भरतो. पंधरा मिनिटांत तो ओलसर, गोळा झाल्यासारखा आणि किंचित करडा दिसला. "आता साडी अलगद उचलून झटका आणि नवीन थर द्या," मी सांगितलं. भरलेली पावडर तशीच ठेवून रात्र काढली तर ती आणखी तेल घेत नाही, म्हणून सुरुवातीचे थर पटापट बदलावे लागतात.

संध्याकाळी साडी माझ्याकडे आली. पावडरीसकट, सैल गुंडाळी करून, जशी सांगितली होती तशी. टेबलावर पसरली आणि पहिल्यांदा फॉल उसवला, डागापुरता, हातभर. घरी बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट हीच. निऱ्यांच्या खालच्या काठाला आतून लावलेला फॉल तेल पिऊन बसतो. वरून रेशीम कोरडं केलं तरी दुसऱ्या दिवशी फॉलमधलं तेल परत वर येतं, आणि लोक म्हणतात पावडरीचा उपयोग झाला नाही. फॉल सुटल्यावर आतूनही पावडर देता आली. पदरावर हे आणखी सोपं असतं, कारण पैठणीचं विणकाम दोन्ही बाजूंनी सारखं असतं. मागे सुटे धागे लोंबणाऱ्या बनारसीला मात्र उलट बाजूने ब्रश लावताना धागा ओढला जाण्याची भीती असते.

रात्रभर ठेवलेल्या थरावर बटर पेपर आणि त्यावर एक हलकं पुस्तक ठेवलं. सकाळी पावडर कोरडी, पांढरी आणि सुटी होती. मऊ ब्रशने धाग्याच्या दिशेने झाडली आणि साडी खिडकीशी धरली. तेल उरलं असेल तर तो भाग टेबलावर गडद दिसतो आणि उजेडासमोर धरला की आजूबाजूपेक्षा उजळ, काचेसारखा दिसतो. काठाजवळ नखाएवढा ठिपका तसा दिसला. तिथे पुन्हा पावडर दिली, मग तोही गेला.

मात्र त्याच साडीवर दुसरा एक डाग होता, ज्याबद्दल मला फोनवर कुणी बोललंच नव्हतं. खांद्याजवळ बटाट्याच्या भाजीचा छोटा थेंब. तो आधीच कुणीतरी ओल्या रुमालाने आणि हात धुण्याच्या साबणाने पुसला होता. साबणामुळे हळद लाल झाली होती आणि भोवती पाण्याची वाटोळी कड उमटली होती. पावडरीने यातलं तेल घेतलं, पण हळदीचा रंग रेशमाला धरतो आणि पावडर रंग ओढत नाही. आतल्या कोपऱ्यात रंग उतरत नाही ना हे बघून मी व्हिनेगरच्या अगदी पातळ पाण्याचा हात दिला. लाल परत पिवळं झालं, पुढे बरंच फिकं झालं, पण सगळं गेलं नाही. वाटीभर सांडलेलं तेल पूर्ण निघालं आणि थेंबभर भाजी राहिली, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

काकूंच्या इस्त्रीच्या प्रश्नाचं उत्तर मी साडी द्यायच्या वेळी नीट दिलं. गरमीने तेल पातळ होतं आणि कागदात थोडं उतरतं, हे खरं. पण जे आत राहतं त्याचा हवेशी संयोग उष्णतेने झपाट्याने होतो. तेल घट्ट, चिकट होत जातं आणि पिवळं पडतं. सूर्यफूल आणि करडईचं तेल गोडेतेलाहून लवकर, खोबरेल सगळ्यांत उशिरा. एकदा तेल असं धरलं की पावडर काहीच ओढू शकत नाही, कारण ओढायला पातळ असं काही उरत नाही. मग ड्रायक्लीनिंगमध्येही सावली राहते. घरी पेट्रोल लावायचा उपाय कुणी सांगितला तर तोही करू नका, लग्नघरात समया पेटलेल्या असतात.

पावडरीनंतर साडीला ड्रायक्लीनिंग दिलंच, कारण डोळ्यांना न दिसणारा अंश उरतो आणि तोच दोन पावसाळ्यांनी पिवळा ठिपका होऊन वर येतो. चिठ्ठीवर मी जागा लिहिल्या: निऱ्या, तेल, टाल्क दिलेलं, खांदा, हळद, साबण लागलेला. जुना फॉल फेकून नवीन सुती फॉल लावला, आधी पाण्यातून काढून आटवलेला. हळदीची जागा पदराच्या पिना लावतात तिथे असल्यामुळे चुणीत झाकली जाते, ते वहिनींना नेसवून दाखवलं.