ऐंशी हजार दोनदा लागले म्हणून आलेली तक्रार

सप्टेंबरात काउंटरवर आलेली ही तक्रार कागदावर मिटली, पण अजून डोक्यातून जात नाही. काकांनी दोन बँकांची क्रेडिट कार्ड स्टेटमेंटं समोर टाकली आणि म्हणाले, "साहेब, ऐंशी हजार त्यांनीही लावले, तुम्हीही लावले."

दुसऱ्या बँकेच्या कार्डावरची ८०,००० रुपयांची थकबाकी त्यांनी जुलैत आमच्या कार्डावर वळवून घेतली होती, म्हणजे बॅलन्स ट्रान्सफर. तिकडे व्याज महिना साडेतीन टक्के, आमच्याकडे सव्वा टक्का. सहा हप्ते, प्रत्येकी १३,९२२.७० रुपये.

पैसे दोनदा लागले नव्हते. आम्ही एनईएफटीने जुनं कार्ड फेडलं, तेव्हा तिकडे ८०,००० जमा पडले आणि इकडे तेवढेच नावे. जमेची खूण म्हणजे आकड्यापुढचं बारीकसं Cr. ते ज्या टायपात छापतात, तो साठीच्या माणसाला चष्म्यातूनही दिसत नाही. पेनने गोल करून दाखवलं, तेव्हा काका शांत झाले. मग मी दोन्ही कागद नीट वाचले आणि खरी भानगड तिथे निघाली.

जुन्या कार्डाचं बिल ५ जुलैला बनलं होतं. काकांनी तोच आकडा अर्जात भरला. आमचे पैसे तिकडे पोचले १६ जुलैला. काका काही महिने फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरत होते, त्यामुळे बिनव्याजी मुदत केव्हाच गेलेली आणि व्याज रोजच्या रोज चढत होतं. ८०,००० वर वर्षाला ४२ टक्के म्हणजे दिवसाला ९२ रुपये, वर १८ टक्के जीएसटी धरून जवळपास १०९. मधल्या दहा दिवसांचे झाले १,०८६. बिल म्हणजे ५ तारखेपर्यंतचा हिशेब. पुढच्या दहा दिवसांचं व्याज त्यात असणार कुठून? (दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याला ही शेपटी लागत नाही, पण तो बॅलन्स ट्रान्सफरला येतोच कशाला?)

हे १,०८६ रुपये ५ ऑगस्टच्या बिलात आले. काकांनी ते बिल उघडलंच नाही, कारण त्यांच्या लेखी ते कार्ड मिटलं होतं. २५ ऑगस्टची मुदत टळली, वरचे तीन दिवसही गेले आणि लेट फी लागली ५०० अधिक जीएसटी ९०. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीन दिवसांनंतर लेट फीही लावता येते आणि थकबाकी क्रेडिट ब्युरोला, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेलाही, कळवता येते. काकांना ५९० रुपयांपेक्षा त्याचीच धास्ती जास्त.

दुसरा घोळ आमच्या घरचा. १५ ऑगस्टच्या आमच्या बिलात मुद्दल १२,९२२.७० आणि व्याज १,००० मिळून हप्ता बरोबर होता. पण त्याखाली व्याजावरचा जीएसटी १८०, प्रोसेसिंग फी दोन टक्के म्हणजे १,६००, आणि फीवरचा जीएसटी २८८. एकूण १५,९९०.७०. ट्रान्सफर घ्या म्हणून आमच्याकडून फोन करणाऱ्या मुलीने काकांना फक्त हप्ता सांगितला होता. खोटं काही नाही, पण फी पहिल्याच बिलात एकरकमी लागते आणि जीएसटी हप्त्याच्या वर असतो, हे सांगितलं तर अर्ध्या लोकांचे फोन कट होतात, म्हणून ते सांगायचं नाही असाच रिवाज पडलाय. काकांनी वहीत लिहून ठेवलेले १३,९२३ इमानदारीत भरले. कमी पडले २,०६८. एवढ्यावरून आमच्या कार्डावरच्या किराण्याचीही बिनव्याजी मुदत गेली, आणि त्यावर दर सव्वा टक्का नव्हे, नेहमीचा साडेतीन. स्वस्त दर फक्त वळवलेल्या रकमेला असतो.

व्यवहार मात्र फायद्याचाच होता. सहा महिन्यांत व्याज, फी, जीएसटी सगळं धरून काकांना ६,०६१ रुपये पडणार. जुन्या दराने एवढ्याच मुदतीत फेडलं असतं तर ११,८९५ पडले असते.

काकांकडून त्याच दिवशी दोन्हीकडची बाकी भरून घेतली. बिलात छापलेली नव्हे, फोन करून विचारलेली त्या दिवशीची. अर्ज करतानाही जुन्या बँकेला आजची थकबाकी विचारायची, आणि पैसे पोचल्यावर एकदा तिथे उरलंसुरलं किती ते बघायचं. कार्ड बंद करायचा अर्जही त्यानंतरच, कारण बाकी शून्य झाल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. लेट फी माफ व्हावी म्हणून काकांच्या नावाने जुन्या बँकेला पत्र लिहून दिलं. आमची फी परत मिळाली नाही. ती करारात होती.

निघताना काकांनी मोबाइलवर आमचाच जुलैतला मेसेज दाखवला: "आपल्या कार्डाची थकबाकी पूर्ण भरली आहे." तो बदलावा म्हणून मी वरिष्ठांना लिहिलंय. काल दुसऱ्या एका ग्राहकाला गेलेला पाहिला, तोच आहे.