३१ डिसेंबरला वय किती? आरटीईची यादी तपासतानाचा माझा अनुभव

आरटीईच्या २५ टक्के प्रवेशांसाठी वस्तीतल्या मुलांची यादी हातात आली की पहिलं काम असतं वय काढण्याचं. घराचं अंतर, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला हे सगळं नंतर. वयातच मूल बसत नसेल तर पालकांना कागद गोळा करायला पळवण्यात अर्थ नाही. हे काम मी एक्सेलमध्ये करतो. खाली उदाहरणाला २०२५-२६ चं वर्ष घेतलं आहे, त्यासाठी वय ३१ डिसेंबर २०२५ रोजी मोजायचं होतं.

इयत्ता पहिलीसाठी शिक्षण विभागाने दिलेली मर्यादा अशी: किमान ६ वर्षे, कमाल ७ वर्षे ५ महिने ३० दिवस. जन्मतारखांत सांगायचं तर १ जुलै २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९. सीनियर केजी, ज्युनियर केजी आणि नर्सरी यांच्या तारखा याच चौकटीत एकेक वर्ष पुढे सरकतात. नर्सरीसाठी त्या १ जुलै २०२१ ते ३१ डिसेंबर २०२२ होतात.

हे 'पाच महिने तीस दिवस' पाहून बरेच जण बिचकतात, पण हिशोब तिसरीतल्या वजाबाकीचा आहे. ३१ डिसेंबर २०२५ मधून १ जुलै २०१८ वजा करायचं. दिवस ३१ वजा १ म्हणजे ३०, महिने १२ वजा ७ म्हणजे ५, वर्षं २०२५ वजा २०१८ म्हणजे ७. हातचा घ्यावाच लागत नाही, कारण कुठलाही दिवस ३१ पेक्षा मोठा नसतो आणि कुठलाही महिना १२ पेक्षा. पूर्वी वय मोजण्याचा हा मानीव दिनांक ३० सप्टेंबर होता, तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांसाठी वर्षाचा हातचा घ्यावा लागे आणि चुका तिथेच होत. आता एखादी शंकास्पद ओळ कागदाच्या कोपऱ्यावर दहा सेकंदांत पडताळता येते.

एक गंमत मात्र लक्षात ठेवा. आदल्या दिवशी, म्हणजे ३० जून २०१८ ला जन्मलेल्या मुलाचं वय ७ वर्षे ६ महिने १ दिवस येतं. ७-६-० कुणाचंच येत नाही, कारण ते यायला ३१ जून ही तारीख लागेल. काही जण ३१ डिसेंबरचा दिवसही पूर्ण झाला असं धरून एक दिवस वाढवतात. मग १ जुलैच्या मुलाचं वय साडेसात वर्षं भरतं आणि पात्र मूल बाहेर जातं. मर्यादा ७-५-३० अशी लिहिली आहे ती त्या दिवसापर्यंत पूर्ण झालेलं वय धरून, तो दिवस जास्तीचा मोजून नाही.

आता पत्रक. A मध्ये क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये जन्मतारीख, D, E, F मध्ये वर्षे, महिने, दिवस. G पासून J पर्यंत चार वर्ग: नर्सरी, ज्युनियर, सीनियर, पहिली. वरच्या तीन ओळी मी राखून ठेवतो. D1 मध्ये मानीव दिनांक, G1 ते J1 मध्ये प्रत्येक वर्गाची सुरुवातीची जन्मतारीख, G2 ते J2 मध्ये शेवटची, तिसऱ्या ओळीत शीर्षकं. मुलं चौथ्या ओळीपासून. पुढच्या वर्षी त्या वर्षीच्या परिपत्रकातल्या तारखा या नऊ घरांत भरल्या की बाकी काही बदलावं लागत नाही.

D4, E4 आणि F4 मध्ये अनुक्रमे:

```
=DATEDIF($C4,$D$1,"Y")
=DATEDIF($C4,$D$1,"YM")
=$D$1-EDATE($C4,DATEDIF($C4,$D$1,"M"))
```

दिवसांच्या घरात ३० ऐवजी जानेवारी १९०० मधली एखादी तारीख दिसली तर घाबरू नका, त्या रकान्याचं फॉरमॅट Number करा.

दिवसांसाठी `"MD"` हा सोपा पर्याय असताना मी लांबचं सूत्र का वापरतो? `"MD"` काही तारखांना चुकतं, आणि मायक्रोसॉफ्ट स्वतःच ते वापरू नका म्हणून सांगतं. जन्म ३१ जानेवारीचा आणि मानीव दिनांक १ मार्च असेल तर ते साध्या वर्षात दिवस उणे २ दाखवतं, कारण १ मधून ३१ वजा करून ते फेब्रुवारीचे २८ मिळवतं. ३१ डिसेंबरला ही चूक कधीच दिसत नाही, पण तेच पत्रक उद्या कुणीतरी भरतीच्या अर्जांसाठी वापरतं आणि मानीव दिनांक बदलतो. `EDATE` वालं सूत्र तिथे १ दिवस देतं.

त्याहून वाईट खोड म्हणजे दिवसांना ३६५ ने भागून वय काढणं. २ जानेवारी २०२० ला जन्मलेलं मूल घ्या. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत त्याचे २१९० दिवस होतात, भागिले ३६५ बरोबर ६. पत्रक म्हणतं सहा वर्षं पूर्ण. प्रत्यक्षात वय ५ वर्षे ११ महिने २९ दिवस आहे. मधल्या २०२० आणि २०२४ च्या दोन लीप दिवसांनी हा घोळ केला. मग हुशारीने ३६५.२५ ने भागणारेही भेटतात. ३१ डिसेंबर २०२० चं मूल मानीव दिनांकाला बरोबर पाच वर्षांचं, सीनियर केजीला काठावर पात्र. दिवस १८२६, कारण मध्ये एकच लीप वर्ष आलं. भागाकार ४.९९९ आणि पूर्णांक ४. अपात्र! पहिल्या सूत्राने दोन दिवस लहान मूल आत घेतलं, दुसऱ्याने हक्काचं मूल बाहेर काढलं. दोन्ही चुका नेमक्या सीमेवर, म्हणजे जिथे भांडण होणार तिथेच.

पात्रतेची खूण मी वयावरून करतच नाही, जन्मतारखेवरून करतो. वर्षे, महिने, दिवस हे तीन रकाने पालकांना दाखवायला आणि नोंदीत लिहायला. तीन आकडे एकमेकांत गुंफून तुलना करत बसण्यापेक्षा दोन तारखांमधली तारीख तपासणं केव्हाही सरळ. G4 मध्ये हे सूत्र लिहून J पर्यंत आणि खाली ओढायचं:

```
=IF(AND($C4>=G$1,$C4<=G$2),"पात्र","")
```

चारही रकाने वेगळे ठेवण्याचं कारण असं की प्रत्येक चौकट दीड वर्षाची आहे आणि ती एकेक वर्षाने सरकते, त्यामुळे सहा महिने दोन चौकटी एकमेकींवर येतात. १५ ऑक्टोबर २०१९ च्या मुलाचं वय ६ वर्षे २ महिने १६ दिवस, ते पहिलीलाही बसतं आणि सीनियर केजीलाही. एकच 'वर्ग' असा रकाना ठेवून एकात एक `IF` लिहिले तर जो वर्ग आधी लिहिला तोच छापला जातो आणि दुसरा पर्याय पालकांपर्यंत पोचत नाही. जवळच्या शाळेत प्रवेश नर्सरीपासून आहे की पहिलीपासून, त्यावर ठरतं की यातला कोणता 'पात्र' कामाचा.

इथपर्यंत सगळं गणित. खरा त्रास C रकान्याचा.

मोबाईलवर भरलेल्या किंवा दुसऱ्या संगणकावरून आलेल्या याद्यांत निम्म्या तारखा तारखा नसतातच, तो नुसता मजकूर असतो. आणि वरचं सूत्र अशा घराला चूक दाखवत नाही. एक्सेलच्या लेखी मजकूर हा कुठल्याही संख्येपेक्षा मोठा, म्हणून पहिली अट खरी ठरते, दुसरी खोटी, आणि घर रिकामं राहतं. मूल गुपचूप यादीतून गळतं. म्हणून आधी हे बघा:

```
=COUNTA(C4:C300)-COUNT(C4:C300)
```

उत्तर शून्य नसेल तर पुढे जाऊ नका. 5.8.19 अशी टिंबं, देवनागरी आकडे, तारखेआधीची मोकळी जागा, हे नेहमीचे गुन्हेगार.

तारखा म्हणून बसलेल्या घरांतही एक धोका असतो. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल, महिना आधी आणि दिवस नंतर, तर 01/07/2018 ही १ जुलै न राहता ७ जानेवारी होते. वय ७-५-३० ऐवजी ७-११-२४, आणि मूल अपात्र. त्याच यादीतली 31/12/2019 मात्र मजकूर म्हणून तशीच राहते, कारण एकतिसावा महिना नाही. असं झालं आहे हे ओळखायचं कसं? बाजूच्या रकान्यात `=DAY(C4)` काढा. खऱ्या तारखांमध्ये १२ पेक्षा मोठा दिवस एकही नसेल आणि मजकूर राहिलेल्या सगळ्यांचे दिवस १३ ते ३१ असतील, तर अदलाबदल झालीच म्हणून समजा. बदललेल्या तारखा हाताने दुरुस्त करत बसू नका. मूळ यादी घ्या, C रकान्याचं फॉरमॅट आधी Text करा, मग तारखा चिकटवा आणि Data मधल्या Text to Columns च्या तिसऱ्या पायरीवर DMY निवडा.

सूत्रांना न सापडणारी आणखी एक गोष्ट डोळ्यांनी शोधावी लागते: १ जून. आपल्याकडच्या जुन्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. यादी अंदाजाने भरणाऱ्याचा हात अजूनही १ जून किंवा १ जानेवारीकडे वळतो. १ जून २०१८ लिहिलं की वय ७-६-३० होतं आणि पहिली हुकते. मुलाचा खरा जन्म ऑगस्टचा असू शकतो. या दोन तारखा फिल्टरने वेगळ्या काढतो आणि जन्माचा दाखला पाहिल्याशिवाय त्यांच्यापुढे पात्र किंवा अपात्र काहीच ठेवत नाही.

यादी चिकटवण्याआधी चौथ्या ते सातव्या ओळीत मी चार खोट्या नोंदी ठेवतो: ३० जून २०१८, १ जुलै २०१८, ३१ डिसेंबर २०१९ आणि १ जानेवारी २०२०. वयं ७-६-१, ७-५-३०, ६-०-० आणि ५-११-३० यायला हवीत आणि पहिलीच्या रकान्यात फक्त मधल्या दोघांपुढे 'पात्र'. चौथी नोंद सीनियर केजीला पात्र दिसेल, ते बरोबरच आहे. चारही जुळल्या की त्या पुसून खरी यादी आत घेतो.