सिलेंडरचं माप, तेरा इंचाचा कप्पा आणि माझा झालेला पोपट

मागच्या दिवाळीआधी आम्ही बदलापूरच्या वन बीएचकेचं किचन नवीन करायला काढलं, जुना कडाप्प्याचा ओटा तसाच ठेवून वर ग्रॅनाइट आणि खाली ट्रॉल्या. ट्रॉलीवाल्या दादांनी कागदावर पटापट रेघा मारल्या, चमच्यांची ट्रॉली, ताटांची ट्रॉली, आणि कोपऱ्यात एक चौकोन काढून म्हणाले, ताई ही सिलेंडरची जागा, तेरा इंच. मी विचारलं पुरेल ना, तर म्हणे सगळीकडे हेच देतो. मी पण मान डोलावली, रोज बघतो आपण सिलेंडर, त्याचं माप कोण घेतं!

पंधरा दिवसांनी कप्पा तयार झाला आणि भरलेला सिलेंडर आत जाईना. म्हणजे तोंडाशी जाऊन अडकायचा. तेव्हा मग टेप घेऊन बसले.

गोल वस्तूचा व्यास टेपने नीट मिळत नाही, टेप नेमका मधून जातोय की नाही तेच कळत नाही, म्हणून मी आईची जुनी युक्ती केली, पोटाला जिथे सगळ्यात फुगीर आहे तिथे सुतळी गुंडाळली, जुळली तिथे पेनाने खूण केली आणि सुतळी सरळ करून मोजली. १०० सेंटिमीटर भरली. भागिले ३.१४ म्हणजे जवळपास ३२ सेंटिमीटर, इंचात साडेबारा आणि वर थोडं. उंची जमिनीपासून वरच्या कड्यापर्यंत ६३ सेंटिमीटर, पावणेपंचवीस इंच. हा आपला नेहमीचा घरगुती, १४.२ किलोचा लोखंडी सिलेंडर. दोन कंपन्यांचे बघितले तर थोडाफार सुताचाच फरक. आणि वजन, ते वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्टीवर रिकाम्याचं लिहिलेलं असतं, आमच्यावर १५.९ होतं, म्हणजे भरलेला ३० किलो. हे ३० किलो लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

आता साडेबारा इंचाची वस्तू तेरा इंचात का जाईना? कारण तेरा इंच हे दोन प्लायच्या मधलं माप. त्यात एका बाजूला शटरचा बिजागर, तो आत अर्धा-पाऊण इंच पुढे येतो, शटर उघडं असलं तरी. उरले सव्वाबारा. शिवाय आमच्याकडे सिलेंडरखाली चाकांची ट्रॉली आहे, तिचं कडं सिलेंडरपेक्षाही मोठं, साडेतेरा इंच. दादा म्हणाले ट्रॉली काढून टाका. म्हटलं ३० किलो तुम्ही ओढणार का दर महिन्याला?

खरी गंमत तर उंचीची होती. दादांनी कप्प्याच्या वर एक छोटा ड्रॉवर काढला होता, सहा इंचांचा, मसाल्याच्या डब्या ठेवायला म्हणून. ओटा जमिनीपासून ३४ इंच, दगडाची जाडी जाऊन खाली ३१ इंच मोकळे, त्यातून ड्रॉवर गेला की २५. सिलेंडर पावणेपंचवीस. कागदावर बसतो! पण कप्प्याचा तळ जमिनीपासून चार इंच वर, चाकांची ट्रॉली आणखी दोन इंच उचलते, आणि वर रेग्युलेटर बसतो त्याचा खटका कड्याच्या वर डोकावतो, तो फिरवायला हात जायला हवा. रेग्युलेटर वरून दाबून बसवायचा असतो, म्हणजे वर मोकळी जागा लागते. आणि एक गोष्ट मला आधी अजिबात सुचली नव्हती, सिलेंडर आत घालताना आपण तो उभा सरळ नेत नाही, तिरका करून तळाच्या कड्यावर फिरवत नेतो. तिरका केला की तो उंच होतो, ६३ आणि ३२ चा कर्ण काढला तर ७१ सेंटिमीटर येतो. खरा थोडा कमी येईल, कारण वरचं आणि खालचं कडं पोटापेक्षा लहान आहे, पण पूर्ण २५ इंच, म्हणजे साडेत्रेसष्ट सेंटिमीटर धरले तरी त्या फटीत तो तिरका काही जाणार नव्हता हे नक्की.

ड्रॉवर काढायला दादा तयार नव्हते, मटेरियल कापलंय म्हणाले. तेवढ्यात योगायोगाने गॅस एजन्सीचा मेकॅनिक नळी बदलायला आला. पाच वर्षं झाली होती, ती केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलतात. त्याने कप्पा बघितला आणि मापाबद्दल एक अक्षर बोलला नाही, आधी खाली वाकून विचारलं, ताई, हवा कुठून जाणार?

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत साठतो. आमच्या कप्प्याला खाली प्लायचा तळ, पुढे चार इंचाची स्कर्टिंग पट्टी, समोर घट्ट शटर. म्हणजे गळती झाली तर पेटीत साठत राहणार, बाहेर वासही उशिरा येणार. वर शेजारच्या कप्प्यात वॉटर प्युरिफायरचा प्लग पॉइंट काढलेला, मधल्या प्लायला वायरसाठी भोक! ठिणगी आणि गॅस यांची गाठ घालायची सगळी सोय. मेकॅनिक म्हणाला पॉइंट वर ओट्यावर घ्या आणि ते भोक बुजवा. नळीबद्दलही बोलला, दादांनी ती ट्रॉल्यांच्या मागून न्यायचं ठरवलेलं, ट्रॉली मागे ढकलली की नळीवर घासणार आणि आपल्याला दिसणार पण नाही. नळी मिळते दीड मीटरची, ती पूर्ण डोळ्यांना दिसली पाहिजे आणि मध्ये जोड द्यायचा नाही.

सिलेंडर शेगडीच्या बरोबर खाली नको हेही त्यानेच सांगितलं. शेगडी सिलेंडरपेक्षा वर हवी, पण बाजूला. नशिबाने आमचा कोपरा बाजूचाच होता, शेगडीपासून हातभर लांब.

मग मी ट्रॉलीवाल्यांसमोर बसून कप्पा परत आखला. रुंदी १८ इंच, बिजागर जाऊनही सतरा राहतात, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बोटं घालता येतात. त्यासाठी शेजारची बाटल्यांची ट्रॉली गेली, जाऊ दे. वरचा ड्रॉवर रद्द, पूर्ण ३१ इंच मोकळे. तळाचा प्लाय काढला, सिलेंडर ट्रॉलीसकट सरळ फरशीवर, ३० किलो चार इंच उचलायची भानगडच नाही. स्कर्टिंग तेवढ्या भागातून कापली आणि शटरला खाली आणि वर जाळी. दादा कुरकुरले, लूक जाईल म्हणे, जादा पैसे पण लावले थोडे.

दुसरा, भरलेला जादाचा सिलेंडर मात्र तिथे बसत नाही, दोन शेजारी ठेवायचे तर तीस इंच रुंदी लागते. तो ड्राय बाल्कनीत, सावलीत, टोपी लावून उभाच ठेवलाय, नहाणीच्या जाळीपासून लांब. सासूबाई आडवा ठेवून वर पाट ठेवायच्या, ते बंद केलं. आडव्या सिलेंडरमधून वायूऐवजी द्रव बाहेर येतो.

परवा बाटला बदलला तेव्हा डिलिव्हरीवाल्याने जोडून साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडे नाही आले, आणि निघताना म्हणाला, मॅडम या बिल्डिंगमध्ये तुमच्याच घरी गुडघे टेकावे लागले नाहीत.