प्रवाशाची कुऱ्हाड

आय चिंग या जुन्या चिनी शकुनग्रंथाला प्रश्न विचारून नाणी टाकली; चौथ्या रेषेला तिन्ही नाणी छापा पडली, प्रत्येकी तीन म्हणजे नऊ, म्हणून ती रेषा बदलती. आला 56वा हेक्साग्राम, म्हणजे सहा रेषांची आकृती, प्रवासी. खाली डोंगर, वर आग. विचारलं होतं आमच्या दोघांबद्दल, माझा जोडीदार कामासाठी सतत फिरतीवर असतो ना.

चौथी रेषा सांगते की प्रवाशाला टेकायला जागा मिळाली, पैसा मिळाला, कुऱ्हाडही मिळाली, तरी मन खूश नाही. कुऱ्हाड स्वतःला सांभाळायला, कारण तिथे तो अजून निर्धास्त नाहीये. व्हिडिओ कॉलवर हॉटेलच्या खोलीत त्याचा चेहरा अगदी असाच असतो, मागे बॅग न उघडता तशीच.

ही रेषा बदलली की आगीच्या जागी पण डोंगरच येतो, 52वा, स्थिर राहणं. तो नोकरी सोडून घरी बसेल असं यात कुठेच नाही, आणि प्रवाशाला मूळ वचनात यशही छोटंच दिलंय. मग स्थिर व्हायचं कोणी, त्याने की मी?